कळी, टोपी, घंटा आणि 'जुळा दात'

डिचोलीची अनुवादक: अंगणवाडी सेविकांसाठी दुधाच्या दातांवरची छोटी पुस्तिका मराठीत करतेय. दात तयार होण्याच्या बड, कॅप, बेल या अवस्थांना मी कळी, टोपी, घंटा लिहिलं. तपासणाऱ्यांनी 'टोपी' खोडून 'शिरस्त्राण' केलं. त्यांचं म्हणणं, 'टोपी' वाचून सेविकांना रूट कॅनॉलनंतरची कॅप आठवेल. काय ठेवू? शिवाय 'जुळा दात' हा दोष कोणत्या अवस्थेखाली घालू?

शब्दवेडा: बड म्हणजे अंकुर. 'दंतांकुर' हा तयार शब्द असताना कळी कशाला?

मोगराप्रेमी: मोगऱ्याचे कळे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. कळीच ठेवा. शिरस्त्राण मात्र सत्तरीत कुणी बोलत नाही.

दातांची डॉक्टर, फोंडा: दंतांकुर इथे चालणार नाही. इनॅमल तयार करणारा भाग, त्याच्या पोटातला नस आणि डेंटिन देणारा पुंजका आणि भोवतीची पिशवी, या तिघांना मिळून आम्ही दंतांकुर म्हणतो. कळी ही त्याची फक्त पहिली पायरी. गर्भ साधारण आठ आठवड्यांचा असताना हिरडीखाली पेशींचा गोळा फुगतो, ती कळी. नवव्या-दहाव्या आठवड्यात गोळा एका बाजूने खोलगट होऊन पुंजक्यावर बसतो. म्हणजे टोपी आहे ती पुंजक्याची, दाताची नव्हे. एवढं एक वाक्य लिहिलंत तर शिरस्त्राणाची गरज पडणार नाही. अकराव्या-बाराव्यापासून कडा आणखी उतरतात आणि आतल्या थराला घड्या पडून दाताचा आकार ठरतो, ती घंटा.

शब्दवेडा: घंटेचं तोंड खाली असतं. वरच्या जबड्यात तुमची घंटा उलटी होईल.

दातांची डॉक्टर, फोंडा: बरोबर, तिथे तोंड वर असतं. नाव आकारावरून पडलंय.

कुडचडेचे आजोबा: नातवाचा खालचा पुढचा एक दात रुंद आहे, मधोमध खाच. तोही जुळा म्हणतात. मग त्यावर टोपी बसवायची का?

दातांची डॉक्टर, फोंडा: आजोबा, ही टोपी वेगळी. आधी दात मोजा. खाली दोन्ही बाजूंच्या पहिल्या दुधाच्या दाढांच्या मध्ये सहा दात हवेत. रुंद दात एकच धरून मोजा. पाच भरले, तर दोन शेजारचे दंतांकुर एकमेकांत मिसळले असण्याची शक्यता जास्त. सहा भरले, तर एकाच दंतांकुराने दुभंगायचा प्रयत्न केला असेल. पण शेजारी एखादा जास्तीचा दंतांकुर असेल आणि तो मिसळला असेल, तरीही सहाच भरतात. तिथे मोजणी फसते, एक्सरे लागतो.

कुडचडेचे आजोबा: पाच भरले.

दातांची डॉक्टर, फोंडा: मग सहा वर्षांचा झाला की एक्सरे करून घ्या. दुधाचे दोन दात मिसळलेले असले की खाली येणारा कायमचा एखादा दात नसण्याची शक्यता असते. तोवर खाचेत अन्न अडकून कीड लागते, म्हणून खाच भरून घेतात. टोपी नको.

मोगराप्रेमी: एक्सरेत दोन नसा दिसल्या की दोन दात, एक दिसली की एक. सोपंच आहे.

दातांची डॉक्टर, फोंडा: अर्धं खरं. पुढच्या दुधाच्या दातांत डेंटिन साचायला चौदाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे घंटेच्या उत्तरार्धात सुरुवात होते. त्याआधी दोन दंतांकुर पूर्ण मिसळले, तर नसेची एकच रुंद पोकळी दिसू शकते. उशिरा मिसळले तर दोन वेगळ्या. म्हणून एका पोकळीवरून एकच दंतांकुर होता असं म्हणता येत नाही. कधी कधी शेवटपर्यंत ठरत नाही, आणि म्हणूनच 'जुळा' एका अवस्थेखाली टाकू नका. मिसळलेला आणि दुभंगणारा, दोघांना मिळून 'जोडदात' म्हणा.

शब्दवेडा: अजिबात नको! 'जुळा' लोकांच्या तोंडी आहे. तुम्हीच शिरस्त्राण नको म्हणता आणि इथे नवा शब्द घडवता. मिसळलेल्याला 'विलीन दात' आणि दुभंगणाऱ्याला 'दुभंग दात' म्हणा, संस्कृतही राहील.

मोगराप्रेमी: 'दुभंग' वाचून सेविकेला दुभंगलेला ओठ आठवेल. तो निराळाच दोष.

दातांची डॉक्टर, फोंडा: आणि जुळी म्हणजे दोन पूर्ण जीव. इथे एका जागी एकच दात आहे, म्हणून माझा 'जुळा'ला विरोध. मुळं पूर्ण झाल्यावर फक्त मुळांच्या बाहेरच्या थराने चिकटलेले दोन दातही असतात. त्यांतला एक उपटताना दुसराही हलतो. त्यालाही कोणी जुळाच म्हणालं, तर दात काढणाऱ्याने काय समजावं?

डिचोलीची अनुवादक: टोपी ठेवते, वर ते वाक्य घालते. 'जुळा'खाली मोजणीची रीत देते. पण घंटा की घांट? कोकणीत घांट म्हणतात आणि सेविका दोन्ही भाषा बोलतात.

शब्दवेडा: पुस्तिका मराठीत आहे ना? मग घंटा.

मोगराप्रेमी: पेडण्यात विचारून बघा आधी.