मॅगी प्रकरणाचं उत्तर: माफी मागायची होती की नाही?

एमबीए_बेळगाव: केस स्टडीत 2015 चं मॅगी प्रकरण होतं. संकटात कंपनीने लोकांशी कसं बोलायला हवं होतं, असा प्रश्न. मी लिहिलं की पहिल्याच दिवशी माफी मागून देशभरातला माल परत घ्यायला हवा होता. 15 पैकी 6 मिळाले आणि शेरा आला: "कोणता पहिला दिवस? माफी कशाची?" हा शेरा बरोबर आहे का? उत्तर कसं सुधारू?

टिळकवाडीकर: शेरा अगदी बरोबर आहे. या प्रकरणात चार-पाच "पहिले दिवस" निघतात आणि प्रत्येक दिवशी कंपनीच्या हातात वेगळा कागद होता. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीला मार्च 2014 मध्ये नमुना उचलला. राज्याच्या प्रयोगशाळेला त्यात एमएसजी, म्हणजे चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट, दिसलं, पाकिटावर मात्र ते घातलेलं नसल्याचा दावा होता. पुढे नमुना कोलकात्याला गेला. शिशाचा आकडा 17.2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 17.2 भाग, आला, मर्यादा 2.5. हे एप्रिल 2015 मध्ये कळलं. 30 एप्रिलला उत्तर प्रदेशने त्या एका बॅचचा माल मागे घ्या असं सांगितलं. 3 जूनला दिल्लीत बंदी, 5 जूनला देशभर. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि 9 नोव्हेंबरला माल परत दुकानात आला.

मी तपासणारा असतो तर 30 एप्रिल हाच निर्णयाचा दिवस धरायला लावला असता. त्या दिवशी कंपनीला शिशाचा आकडा माहीत होता आणि देशभरच्या टीव्हीवर बातमी यायची होती. म्हणजे बोलायला साधारण तीन आठवडे मोकळे होते. 21 मेला निवेदन आलं ते असं की ती बॅच 2014 ची, तिची मुदत कधीच संपलेली, ती बाजारात नसणार. सगळं खरं होतं. पण आईने विचारलेलं असतं की आज घरात असलेलं पाकीट पोराला द्यायचं का. त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

कॅम्प_कॉर्नर: एवढा काथ्याकूट कशाला? अमेरिकेतल्या टायलेनॉल या वेदनाशामक गोळीचं बघा की. 1982, शिकागो, गोळ्यांत सायनाइड, सात माणसं गेली. कंपनीने पहिल्या दिवशी देशभरातल्या 3 कोटी 10 लाख बाटल्या उचलल्या आणि नाव राखलं. मॅगीवाल्यांनी तेच करायचं होतं. धागाकर्त्याचं उत्तर बरोबर आहे, सरांनी उगाच कापलेत.

टिळकवाडीकर: बाटल्यांचा आकडा बरोबर, दिवस चुकला. मृत्यू 29 सप्टेंबरला सुरू झाले. आधी संशयित लॉट मागे घेतले आणि देशभरची माघार 5 ऑक्टोबरला जाहीर झाली. वर्गात "पहिल्या दिवशी" ही दंतकथा अजून चालते आणि तिच्यावर विसंबून लिहिलेली उत्तरं अशीच आपटतात.

त्याहून मोठा फरक असा की तिथे बाहेरच्या माणसाने विष घातलं होतं, मृत्यू डोळ्यांसमोर होते आणि कंपनीवर कुणाचा राग नव्हता. इथे कुणी आजारी पडल्याचं पुढे आलं नव्हतं, आकड्यावरच वाद होता आणि बोट थेट कारखान्याकडे होतं. तुलना हवीच असेल तर 2003 च्या कॅडबरीतल्या अळ्यांची करा. तिथेही कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. पण नंतर वेष्टनच बदललं, आत घट्ट सील केलेली फॉइल आणि वर पिशवी. गिऱ्हाइकाला हातात धरून तपासता येईल असा बदल होता तो. शिसं डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे मॅगीला असा काही बदल दाखवायची सोयच नव्हती, तिला प्रयोगशाळेवरच उभं राहावं लागलं.

वकीलसाहेब_खानापूर रोड: माझा दोन्ही बाजूंना विरोध आहे. माफी म्हणजे लेखी कबुली. सरकारने ग्राहक आयोगात 640 कोटींचा दावा लावलाच होता. तिथे पहिला पुरावा म्हणून तेच माफीपत्र जोडलं असतं. कायद्याने दिलेला रस्ता असा की अन्न विश्लेषकाचा अहवाल हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करायचं आणि नमुन्याचा राखीव भाग रेफरल प्रयोगशाळेत पाठवायला लावायचा. नमुन्याचे चार भाग करतात ते त्याचसाठी. शेवटी कोर्टाने काय म्हटलं? तपासणाऱ्या प्रयोगशाळा योग्य मान्यतेच्या नव्हत्या आणि कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं गेलं नाही. म्हणजे कंपनी बरोबर होती. उत्तरात हे लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क द्यायला हवेत.

टिळकवाडीकर: साहेब, अपिलाचा रस्ता मान्य. पण 13 ऑगस्टचा निकाल 30 एप्रिलच्या निर्णयाला पुरावा म्हणून वापरता येत नाही. निकाल माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं उत्तर म्हणून ओळखू येतं ते. त्या दिवशी कोर्ट काय म्हणेल हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं. आणि कोर्टात जिंकून माल परत येईपर्यंत दुकानातलं फळकूट पाच महिने रिकामं होतं, त्याचं काय?

दुसरं, तुम्ही शिसं आणि लेबल एकाच पोत्यात घातलंत. केंद्राच्या आदेशात तीन गोष्टी होत्या: शिसं, "नो ॲडेड एमएसजी" हा दावा, आणि परवानगी न घेता बाजारात आणलेला ओट्सचा प्रकार. शिशावर भांडायला जागा होती. लेबलावर नव्हती. कांदा, शेंगदाण्याचं प्रथिन, गहू यांत ग्लुटामेट मुळातच असतं. कंपनी वरून घालत नसेल तरी तपासणीत ते दिसणारच. घातलेलं कुठलं आणि मुळातलं कुठलं हे प्रयोगशाळेला वेगळं काढता येत नाही. मार्च 2016 मध्ये केंद्राच्या अन्न प्राधिकरणाने तेच लेखी मान्य केलं, पण सोबत हेही म्हटलं की पाकिटावर "एमएसजी नाही" असा दावा असेल आणि आत सापडलं तर कारवाई करा. म्हणजे दावा काढणं हाच उपाय होता. कंपनीने तो पुढे काढलाही. तो मे महिन्यात काढून "या ओळीने गैरसमज झाला, ती आम्ही काढतोय" एवढं म्हटलं असतं तर माफी त्या ओळीपुरतीच राहिली असती आणि शिशावरचं भांडण स्वच्छ लढता आलं असतं. "माफी कशाची" या शेऱ्याचं उत्तर हेच.

वकीलसाहेब_खानापूर रोड: लेबलापुरतं ठीक. तरी मे मध्येच ओळ काढली असती तर दुसऱ्या दिवशी मथळा आला असता, "कंपनीने चूक कबूल केली". वाचणारा शिसं आणि लेबल असं वेगळं करत नाही.

निपाणी_मसालेवाले: आमचं घरगुती कांदा-लसूण मसाल्याचं युनिट आहे. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की तिखटात रंग आहे. मग आम्ही पण सगळा माल मागे घ्यावा का? आणि मॅगीत मसाल्याची पुडी वेगळी तपासली म्हणून आकडा वाढला असं ऐकलंय, ते खरं काय?

टिळकवाडीकर: तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण विचारलाय तर सांगतो. एका तक्रारीवर सगळा माल मागे घेऊ नका. आधी गिऱ्हाइकाचं उरलेलं पाकीट आणि त्याच बॅचचं तुमच्याकडे राखून ठेवलेलं न फोडलेलं पाकीट, अशी दोन्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. राखीव पाकीट ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, दर बॅचचं एक, मुदत संपेपर्यंत. अहवाल येईपर्यंत त्या बॅचची विक्री थांबवा. दोष निघाला तर मागे घेण्याला उशीर चालत नाही, कायदा 24 तासांच्या हिशोबाने चालतो.

पुडीचं म्हणाल तर वाद खरा होता. समजा 70 ग्रॅमच्या पाकिटात मसाला 7 ग्रॅम आहे आणि मसाल्यात शिसं 10 पीपीएम आहे. पूर्ण पाकीट एकत्र धरलं तर मसाल्याचा वाटा 1 पीपीएमवर येतो, म्हणजे नूडल्स साफ असतील तर मर्यादेत. पुडी एकटी धरली तर मर्यादेच्या चौपट. कंपनी म्हणत होती खाताना जसं होतं तसं तपासा, प्राधिकरण म्हणत होतं प्रत्येक भाग स्वतंत्र बसला पाहिजे. पण हा हिशोब पत्रकार परिषदेत मांडायला गेलात तर लोकांना एवढंच ऐकू येतं की "पुडीत शिसं आहे". माझ्या मते तो कोर्टापुरता ठेवायचा.

खडेबाजार_होलसेल: तुम्ही सगळे दिल्ली-मुंबईचं बोलायलाय. इकडं काय झालं असेल ते बघा की. गोव्याच्या अन्न खात्याच्या तपासणीत नमुने बसले, दिल्लीत बंदी. आणि माल तर गोव्यातल्या डिचोलीच्या आणि म्हैसूरजवळच्या नंजनगूडच्या कारखान्यातनं पण निघायचा. निपाणीतला दुकानदार कर्नाटकात, कागलचा महाराष्ट्रात, मध्ये वीसेक किलोमीटर. एकाच्या राज्यात एक आदेश, दुसऱ्याच्यात दुसरा. असल्या वेळी दुकानदार टीव्हीवरनं ठरवतो. कंपनीचा कागद त्याच्याकडं आलेला नसतो. मग तो काय करतो? पैसे परत मिळतील का माहीत नाही म्हणून माल स्वस्तात काढतो, नाहीतर जिथं बंदी नाही तिकडच्या ओळखीच्याला देतो. म्हणून क्रेडिट नोट कधी आणि कोण देणार हे पहिल्या ओळीत पाहिजे. ते नसलं तर तुमची माघार कागदावरच राहते.

टिळकवाडीकर: हा मुद्दा उत्तरात घातलास तर दोन-तीन मार्क नक्की वाढतील, कारण माल परत घ्या असं सगळेच लिहितात, पैसे कसे परत जाणार ते कुणी लिहीत नाही. 30 एप्रिलनंतर वितरकाकडून दुकानात मराठी आणि कन्नड दोन्हीत जायचा कागद साधारण असा असता:

"एका राज्याच्या तपासणीत 2014 च्या एका बॅचमध्ये शिसं जास्त आढळल्याचा अहवाल आहे. त्या बॅचची मुदत संपलेली आहे. तरी पाकिटावर हा बॅच क्रमांक दिसला तर विकू नका, बाजूला ठेवा. वितरक सात दिवसांत नेईल आणि त्याच वेळी क्रेडिट नोट देईल. फोडलेल्या पाकिटाचेही पैसे गिऱ्हाइकाला द्या, ते आम्ही भरून देऊ. सध्याच्या बॅचचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत दिले आहेत. अहवाल या तारखेला येईल, तो काहीही आला तरी कळवू."

शेवटचं वाक्य सगळ्यात जड. तारीख दिली आणि पाळली नाही तर आधीपेक्षा वाईट होतं. कंपनीने जूनमध्ये सांगितलं की साधारण 1,000 बॅच आपल्याकडे आणि 600 बाहेर तपासल्या. आकडा मोठा, पण बंदीच्या तोंडावर सांगितलेला. कंपनीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा निकाल तेव्हा कोण ऐकणार?

कॅम्प_कॉर्नर: टायलेनॉलची तारीख मान्य. पण तुमच्या या कागदाने आधीच भडका उडाला असता. 30 एप्रिलला कुणालाच माहीत नव्हतं, तुम्ही स्वतः हजारो दुकानांत बातमी पोचवायलाय.

टिळकवाडीकर: ही भीती खरी आहे आणि कंपनीनेही बहुधा हाच हिशोब केला असेल. माझं म्हणणं इतकंच की सरकारी आदेश एका राज्यात निघालेला कागद आहे, तो फुटणारच असं धरून चालायचं. फुटला नसता तर मी चुकलो असतो.

एमबीए_बेळगाव: म्हणजे मी आता असं लिहितो: निर्णयाचा दिवस 30 एप्रिल, शिशाच्या आकड्यावर अपील आणि बाहेरची तपासणी, लेबलावरची ओळ लगेच काढून माफी तेवढ्यापुरतीच, दुकानदाराला दोन भाषांत कागद आणि क्रेडिट नोट, देशभरची माघार बाहेरचा अहवाल खराब आला तरच. बरोबर?

वकीलसाहेब_खानापूर रोड: माफीच्या जागी "बदल करत आहोत" लिही. शब्द तोच घालायचा असेल तर माझ्याकडून अर्धा मार्क कमी.

टिळकवाडीकर: आणि मी तो अर्धा मार्क परत देईन. एक राहिलं: 17.2 लिहिताना शेजारी 2.5 लिही आणि नमुना कधीचा होता तेही लिही. मागच्या उत्तरात नुसतं "प्रमाण सातपट" असेल तर तिथेच मार्क गेले असणार.