मदत हवी आहे: विशालकोन असलेल्या त्रिकोणी जागेचे क्षेत्रफळ ½ × a × b × sin C ने काढणे

कासारवडवलीकर

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आमची सोसायटी आहे आणि तिच्या मागच्या कोपऱ्यातील त्रिकोणी मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले आहे. दोन बाजूंना कंपाउंडच्या भिंती आहेत, एक १२.४ मीटर आणि दुसरी ९.६ मीटर. तिसरी बाजू म्हणजे आतल्या रस्त्याची कड. तिच्यावर कायम दुचाकींची रांग असल्याने टेप सरळ ताणता येत नाही. जुन्या नकाशात दोन्ही भिंतींमधला कोन ११८ अंश दाखवला आहे.

कंत्राटदाराने १२.४ गुणिले ९.६ भागिले दोन असा हिशोब करून ५९.५२ चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४१ चौरस फूट, असे दरपत्रक दिले आहे. शाळेत शिकलेल्या सूत्राने sin ११८° घेऊन गुणाकार केला तर माझे उत्तर ५२.५५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५६६ चौरस फूट येते. ७५ चौरस फुटांचा फरक समितीला पटवून द्यायचा असेल तर मला स्वतःला तो नीट कळायला हवा. आमच्या सचिवांनी त्यांच्या मोबाइलवर हेच गणित केले तेव्हा उत्तर उणे ५८.४५ आले, त्यामुळे बैठकीत माझ्या आकड्यावरही कोणाचा विश्वास राहिला नाही.

माझी खरी अडचण अशी आहे की sin ११८° आणि sin ६२° यांची किंमत एकच, ०.८८२९, येते. कोन जवळपास दुप्पट असूनही क्षेत्रफळ तेच कसे राहते? आणि जागा विशालकोनी असताना हे सूत्र वापरणे योग्य आहे का?

सुभाष_कळवा

उणे उत्तराचे कारण सांगता येईल. सचिवांच्या मोबाइलमधील कॅलक्युलेटर RAD वर असणार, म्हणजे त्याने ११८ हे अंश न समजता रेडियन समजले. DEG निवडून पुन्हा करून पाहावे. त्रिकोणाचा कोणताही कोन शून्य आणि १८० अंशांच्या मध्ये असतो आणि त्या टप्प्यात साइन कधीच उणे नसते, त्यामुळे उणे क्षेत्रफळ दिसताच पहिला संशय याच खुणेवर घ्यावा.

मात्र क्षेत्रफळाबाबत मला कंत्राटदाराचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही. कोन जितका उघडत जाईल तितकी आतली जागा वाढत जाते. काटकोनात ५९.५२ येत असेल, तर ११८ अंशांना त्याहून कमी कसे येईल?

निवृत्त_भूमापक

सुभाषराव, रेडियनचे आपण अचूक सांगितलेत. जागा वाढण्याचे म्हणणे मात्र ९० अंशांपर्यंतच खरे आहे. भिंतींच्या लांबी कायम ठेवून कोन उघडत नेला तर क्षेत्रफळ काटकोनापर्यंत वाढते आणि तिथून पुढे घटू लागते. १८० अंशांना दोन्ही भिंती एका रेषेत येतात आणि आत जागाच उरत नाही. म्हणूनच कंत्राटदाराचा ५९.५२ हा आकडा म्हणजे या दोन भिंतींमध्ये कोणत्याही कोनात मावू शकणारे जास्तीत जास्त क्षेत्रफळ आहे. कोपरा काटकोनात नसेल तर खरी जागा त्याहून कमीच भरणार.

आता कासारवडवलीकरांचा प्रश्न. १२.४ मीटरची भिंत पाया धरा. क्षेत्रफळ ठरते ते दुसऱ्या भिंतीचे टोक या पायाच्या रेषेपासून लंबात किती दूर आहे यावर. कोन ६२ अंश असता तर तो लंब पायावरच पडला असता. आपला कोन ११८ असल्याने ९.६ मीटरची भिंत कोपऱ्यातून बाहेरच्या अंगाला झुकते आणि लंब पायावर न पडता कोपऱ्याच्या पलीकडे वाढवलेल्या रेषेवर पडतो. त्या वाढीव रेषेशी भिंतीचा कोन १८० वजा ११८, म्हणजे ६२ अंशच आहे. दोन्ही वेळा उंची ९.६ गुणिले ०.८८२९, म्हणजे ८.४८ मीटर येते. पाया तोच, उंची तीच, म्हणून क्षेत्रफळही तेच. लंब त्रिकोणाच्या बाहेर पडला तरी त्याला उंचीच म्हणतात. शाळेत आकृत्या बहुधा लघुकोनी काढल्या जात असल्यामुळे हे डोळ्यांसमोर राहत नाही.

यातून कामाची एक गोष्ट निघते. एखाद्याने आतला कोन न मोजता भिंत बाहेर वाढवून पूरक कोन ६२ अंश मोजला, तरी क्षेत्रफळ चुकणार नाही. तिसरी बाजू मात्र साफ चुकेल. ११८ अंशांना रस्त्याकडची कड १८.९ मीटर येते आणि ६२ अंशांना जेमतेम ११.६ मीटर. कडेला कर्बचे दगड लावायचे असतील तर कोणता कोन मोजला हे लिहून ठेवावे, कारण नुसत्या क्षेत्रफळावरून ते मागाहून ओळखता येत नाही.

अनघा_ऐरोली

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या मुलाला अकरावीच्या सरावासाठी असेच उदाहरण आले आहे. बाजू १० आणि ७, कोन ४० अंश, आणि तो कोन ७ च्या समोर आहे. त्याने थेट ½ × १० × ७ × sin ४०° केले आणि उत्तर २२.५ आले. वरची चर्चा वाचून मला वाटले की हेच सूत्र लागू पडते. तरी त्याच्या बाई म्हणतात की उत्तरे दोन आहेत.

निवृत्त_भूमापक

अनघाताई, या सूत्रातला कोन त्या दोन बाजूंच्या मध्येच असावा लागतो. तुमच्या उदाहरणात ४० अंशांचा कोन १० ची बाजू आणि न दिलेली तिसरी बाजू यांच्यामध्ये आहे, म्हणून २२.५ या संख्येला इथे काही अर्थ उरत नाही. आधी १० च्या समोरचा कोन शोधावा लागेल. त्याची साइन १० × sin ४०° ÷ ७, म्हणजे ०.९१८ येते. इथे पुन्हा तीच गोष्ट आडवी येते, कारण ही साइन ६६.७ अंशांचीही आहे आणि ११३.३ अंशांचीही. त्यानुसार मधला कोन ७३.३ किंवा २६.७ अंश होतो आणि क्षेत्रफळ ३३.५ किंवा १५.७. दोन्ही त्रिकोण खरोखर काढता येतात, त्यामुळे बाईंचे म्हणणे बरोबर आहे.

शंतनू_वाशी

मूळ प्रश्नाबाबत मला वाटते की कोनाच्या भानगडीत पडूच नये. तिसरी बाजू मोजावी आणि हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढावे. टेपवर जेवढा भरवसा ठेवता येतो तेवढा कोनावर ठेवता येत नाही, आणि जुन्या नकाशातील कोनावर तर मुळीच नाही.

निवृत्त_भूमापक

नकाशावर विसंबू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण या आकाराच्या त्रिकोणात हेरॉनचे सूत्र वाटते तितके सुरक्षित नाही. तिसऱ्या बाजूच्या मापात १० सेंटिमीटरची चूक झाली तर क्षेत्रफळ सुमारे अर्ध्या चौरस मीटरने बदलते, आणि कोनात एका अंशाची चूक झाली तरी फरक तेवढाच पडतो. १९ मीटर टेप दुचाकींवरून नेताना १० सेंटिमीटरचा झोल सहज येतो. कोन मात्र टेपनेच अर्ध्या अंशापर्यंत मोजता येतो.

त्यासाठी कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर तीन-तीन मीटरवर, एकाच उंचीला, खुणा करा आणि त्या दोन खुणांमधले सरळ अंतर मोजा. ते अंतर सहाने भागले की निम्म्या कोनाची साइन मिळते. इथे एक सेंटिमीटर चुकले तर कोन साधारण ०.४ अंशाने चुकतो, म्हणजे क्षेत्रफळात ०.२ चौरस मीटरही फरक पडत नाही. कोपऱ्यात पाइप असेल किंवा प्लास्टरचा गोलावा असेल तर दोन्ही भिंतींपासून सारखे अंतर सोडून समांतर दोऱ्या ताणा आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू कोपरा धरा. भिंतींना समांतर असलेल्या दोऱ्यांमधला कोन भिंतींमधल्या कोनाइतकाच असतो. भिंतींच्या लांबी मात्र खऱ्या कोपऱ्यापासूनच धराव्यात.

कासारवडवलीकर

आपण सांगितल्याप्रमाणे आज सकाळी मोजणी केली. कोपऱ्यात पावसाळी पाण्याचा पाइप असल्याने दोऱ्या ताणूनच काम केले आणि एक टोक आमच्या वॉचमनकाकांनी धरले. खुणांमधले अंतर ५.१७ मीटर भरले. सहाने भागून ०.८६१७, म्हणजे निम्मा कोन ५९.५ अंश आणि पूर्ण कोन ११९ अंश. sin ११९° म्हणजे ०.८७४६ घेतल्यावर क्षेत्रफळ ५२.०६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५६० चौरस फूट येते. नकाशातला कोन एका अंशाने कमी निघाला आणि आकडा अपेक्षेप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरने खाली आला.

कंत्राटदाराला कोपऱ्याशी गुण्या लावून दाखवला तेव्हा कोपरा काटकोनात नाही हे त्यांनी लगेच मान्य केले. आता ते म्हणतात की तिरक्या कडेला ब्लॉक कापावे लागतात, तुकडे वाया जातात, म्हणून त्यांचा जुना आकडाच ठेवावा.

सुभाष_कळवा

काटकोनानंतर क्षेत्रफळ घटते हे पटले. कागदाच्या दोन पट्ट्या टाचणीने जोडून उघडत नेल्यावर ते सरळ दिसले. कंत्राटदाराच्या ताज्या म्हणण्यातही थोडे तथ्य आहे, कारण कापलेला ब्लॉक बिलात अर्धा धरला तरी त्याला तो पूर्णच विकत घ्यावा लागतो. तरीही तूट वेगळी लिहून घ्यावी, ती क्षेत्रफळात मिसळू नये. तूट किती धरावी याबद्दल प्रत्येक कंत्राटदाराचे मत वेगळे असते आणि त्यावर मी ठामपणे काही सांगू शकणार नाही.

निवृत्त_भूमापक

तुटीचे समितीने ठरवावे. मला मात्र एक शंका राहून राहून येते आहे. आपण सगळे रस्त्याची कड सरळ आहे असे गृहीत धरून चाललो आहोत. सोसायटीचे आतले रस्ते वळणावर बहुधा गोलाईत असतात. कड मध्यभागी २० सेंटिमीटर जरी बाहेर फुगलेली असेल, तर १९ मीटर लांबीवर ती पट्टी साधारण दोन-तृतीयांश × १९ × ०.२, म्हणजे अडीच चौरस मीटर होते. एका अंशाच्या चुकीच्या हे पाचपट आहे. कड आत वळलेली असेल तर तेवढेच वजा होईल. त्रिकोणाच्या सूत्राला ही गोलाई दिसत नाही, त्यासाठी दोन्ही टोकांमध्ये दोरी ताणून मधल्या तीन-चार ठिकाणी कड दोरीपासून किती सरकली आहे हे मोजावेच लागेल.

कासारवडवलीकर

कड सरळ आहे की नाही हे दुचाकींमुळे आजपर्यंत नीट दिसलेलेच नाही. रविवारी सकाळी दोन तासांसाठी गाड्या हलवाव्यात अशी सूचना फलकावर लावली आहे. दोरी ताणून येणारी मापे इथेच लिहीन, तोपर्यंत दरपत्रकावर सही करू नये असे समितीला कळवले आहे.