ग्रीक थेरा बेटाच्या लोकांना लिबियाला कोणी धाडलं, देवानं की सभेनं?

धागाकर्ती: ग्रीक नगरराज्यं नवी वसाहत वसवण्याआधी डेल्फीच्या देवळात जाऊन अपोलो देवाचा कौल घ्यायची. मला वाटतं, निर्णय घरीच झालेला असायचा आणि देवाचं नाव फक्त पुढे करायचे. तुमचं काय मत?

सडेतोड: शंभर टक्के सहमत. पिथिया, म्हणजे देवाचा कौल सांगणारी डेल्फीची पुजारीण, लाच घेऊन बोलायची. स्पार्टाच्या क्लिओमेनीस राजानं तिच्याकडून वदवून घेतलं की त्याच्या जोडीचा राजा डेमारातस हा आधीच्या राजाचा मुलगाच नव्हे. डेमारातसचं राजेपद गेलं. विषय संपला.

शिलालेख: पुढचंही सांगा ना. लबाडी उघडी पडल्यावर त्या पिथियाला पदावरून काढलं आणि क्लिओमेनीसचा मध्यस्थ कोबोन डेल्फीतून पळाला. कौल विकाऊच मानत असते तर एवढं कोण चिडलं असतं?

लाचेची भीती त्यांनाही होती. इ.स.पू. 352 च्या सुमारास अथेन्सला एल्युसिसची देवभूमी कसायला द्यावी की नाही, हे विचारायचं होतं. दोन्ही पर्याय कथलाच्या दोन सारख्या पत्र्यांवर लिहिले, लोकरीत गुंडाळले आणि कोणता कुठला हे कळू नये म्हणून एका भांड्यात हलवले. मग एक सोन्याच्या कलशात, दुसरा चांदीच्या. डेल्फीला एवढंच विचारायचं होतं, की सोन्याच्या कलशातलं ऐकू की चांदीच्या? आत काय आहे हे पिथियाला ठाऊकच नाही, मग तिला फितवून उपयोग काय?

रत्नागिरीकर: आमच्याकडे देवीला फुलं लावून कौल घेतात. भावकीच्या जमिनीसाठी लावला, तर हरलेले म्हणाले फुलं नीट चिकटवली नव्हती. अजून बोलत नाहीत. डेल्फीलाही फुलंच लावायचे का?

शिलालेख: नाही. आधी बोकडावर गार पाणी शिंपडायचे. तो थरथरला तरच देव बोलायला राजी, नाहीतर दिवस फुकट.

धागाकर्ती: पण अथेन्सचा प्रश्न शेताचा. वसाहतीचं काय?

शिलालेख: थेरा बेट घ्या. हिरोडोटस सांगतो, राजा दुसऱ्याच कामासाठी डेल्फीला गेला आणि हुकूम मिळाला लिबियात शहर वसवण्याचा. लिबिया कुठे आहे हेच माहीत नाही म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. मग सात वर्षं पाऊस नाही. शेवटी म्होरक्या बाट्टोससोबत पन्नास वल्ह्यांची दोन गलबतं निघाली. ती हरून परतली, तेव्हा घरच्यांनीच मारा करून किनाऱ्याला लागू दिलं नाही. पुढे इ.स.पू. 631 च्या सुमारास लिबियात त्यांचं सायरीन शहर उभं राहिलं. माझ्या मते खरं कारण दुष्काळ. पण पोटच्या पोराला धाडायला आईबाप सभेच्या शब्दावर तयार झाले नसते, देवाच्या शब्दावर झाले.

सडेतोड: हिरोडोटस दोनशे वर्षांनंतरचा. शहर भरभराटीला आल्यावर कौल मागाहून जोडला असेल.

शिलालेख: कथेचा काही भाग तसा असेलही. पण सायरीनच्या शिलालेखात थेराच्या सभेचा ठराव दिला आहे. जायला नकार देईल त्याला देहदंड, आणि पाच वर्षांत जम बसला नाही तर परत येऊन आपली मालमत्ता घ्यायची मुभा. अशी सवलत कोणी मागाहून कशाला रचेल?

सडेतोड: तो कोरलेला लेखही इ.स.पू. चौथ्या शतकातला, म्हणजे आणखी उशिराचा. आणि तेव्हा थेराहून नव्यानं येणाऱ्यांना सायरीनमध्ये नागरिकत्व हवं होतं. जुना ठराव कोणाच्या सोयीचा होता, ते बघा.