टाके उसवले नव्हते

अक्का, परभणी
सव्वा महिना पुरा करून धाकटी जाऊ काल माहेराहून परतली आणि भाकरी थापताना हळूच म्हणाली, "अक्का, आता दुखेल का हो?" माझे बाळ तीन महिन्यांचे असताना आम्ही पहिल्यांदा जवळ आलो, तेव्हा मिरची लागल्यासारखी आग झाली आणि रक्ताचे दोन-तीन ठिपके दिसले. टाके उसवले असे समजून मी दोन महिने नवऱ्याला टाळले, कारणही सांगितले नाही. तपासणीत कळले की टाके केव्हाच भरले होते. अंगावर पाजत असल्यामुळे आतली त्वचा कोरडी आणि नाजूक झाली होती. आपापले अनुभव लिहावेत.

रेणू, जालना
माझे तर सिझर होते. टाके पोटावर असल्यामुळे खाली काही होणार नाही असे वाटले होते, तरी तशीच आग झाली.

जिजी, बीड
खोबरेल तेल लावावे, आम्ही तेच केले. शिवाय पाळी येत नाही तोवर दिवस जात नाहीत, म्हणून काही वापरायची गरज नसते.

सिस्टर, लातूर
जिजी, तेलाने निरोध कमजोर होऊन फाटतो. त्यासोबत पाण्याने धुऊन निघणारी जेली वापरावी. पाळीबद्दलचे तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, पाळी आलेली नसेल आणि बाळ रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असेल, तरच तो भरवसा धरता येतो. वरचे दूध सुरू झाले किंवा रात्रीचे पाजणे सुटले, की तो संपला, कारण बीज पाळीच्या आधी सुटते. पाळीची वाट पाहत बसलेल्या कितीतरी जणी दुसऱ्यांदा पोटुशी होऊनच आमच्याकडे येतात. पाजणाऱ्या आईला सरकारी दवाखान्यात छाया गोळी मिळते, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. अंतरा इंजेक्शन दीड महिन्यानंतर घेता येते. माला-एन मात्र पहिले सहा महिने नको.

जिजी, बीड
आता कळले, माझ्या दोन्ही लेकरांत सव्वा वर्षाचेच अंतर का आहे!

हिंगोलीकर
मला सहा महिने झाले. जेली लावूनही एकाच जागी टोचते आणि दर वेळी थोडे रक्त जाते. हेही पाजण्यामुळेच असेल का?

सिस्टर, लातूर
कोरडेपणाची आग सगळीकडे होते. एकाच जागी टोचत असेल तर टाक्याच्या जागी लाल मांस वाढलेले असू शकते, ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दर वेळी रक्त जात आहे, म्हणून तपासून घ्या, तोवर जवळ येणे थांबवा. दुर्गंधी, ताप किंवा तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हिंगोलीकर
आमच्या गावच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर आहेत, म्हणून मी जात नव्हते.

रेणू, जालना
आशाताईंना सोबत न्या, मी तसेच केले होते.

अक्का, परभणी
जावेला जेलीचे सांगितले. गोळी की इंजेक्शन, यावर मात्र त्या दोघांचे अजून एकमत नाही.