अनुभव धागा: ‘वॉरंटीत बसत नाही, पण पैसे भरून दुरुस्त होईल’ हे ग्राहकाला कसे सांगता?

काउंटरपलीकडून: मी लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्तीच्या सेवा केंद्रात ग्राहकांशी बोलण्याचे काम करते. यंत्रात पाणी किंवा चहा गेल्याचे आढळले की वॉरंटीचा दावा नाकारावा लागतो आणि त्याच संभाषणात सशुल्क दुरुस्तीचा अंदाजही द्यावा लागतो. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ग्राहकाला वाटते, दुरुस्तीचे पैसे मिळावेत म्हणूनच दावा नाकारला. आपण हे कसे सांगता, किंवा आपल्याला कसे सांगितले गेले, ते कृपया लिहावे.

सोल्डरवाला: बहुतेक ठिकाणी चूक पट्टीपासून सुरू होते. यंत्रातली ओलावा दाखवणारी पांढरी पट्टी लाल झाली, एवढ्यावरच दावा नाकारला जातो. पट्टी फक्त तिथे ओल पोहोचली हे सांगते. बिघाड त्या ओलीमुळेच झाला, हे सांगत नाही. ते सिद्ध करणे आपले काम आहे.

एक उदाहरण देतो. चार्ज न होणारा लॅपटॉप आला होता आणि आत काहीही सांडलेले नाही, असे मालक ठामपणे सांगत होते. कीबोर्ड काढल्यावर त्याच्या पाठीमागे तपकिरी, चिकट कडा असलेला डाग दिसला. त्याचा ओघळ मदरबोर्डवर चार्जिंगच्या भागापर्यंत गेला होता आणि तिथल्या दोन कपॅसिटरच्या टोकांवर हिरवट गंज चढला होता. साफ करण्याआधीच डाग, ओघळ आणि गंज यांचे फोटो क्रमाने काढले आणि मालकांना भिंगाखाली तो भागही दाखवला. ‘तुम्ही सांडलेत’ असे मी कधीच म्हणत नाही, कारण कोणी सांडले ते मला ठाऊक नसते. पत्रात एवढेच लिहिले: ‘चार्जिंग विभागात द्रव सुकल्याचे अवशेष व गंज आढळला असून चार्जिंग बंद पडण्याचे कारण तेच आहे. द्रवामुळे झालेले नुकसान वॉरंटीच्या अटींनुसार वगळलेले असल्यामुळे ही दुरुस्ती विनामूल्य करता येत नाही.’ त्याच लॅपटॉपची बिजागरीही सैल होती. तिचा द्रवाशी काही संबंध नव्हता, त्यामुळे ती वॉरंटीतच बदलून दिली.

पावसाळी प्रवासी: माझा मोबाइल आयपी६८ दर्जाचा असूनही पाणी गेल्याचे कारण सांगून दावा फेटाळला गेला. जलरोधक म्हणून विकलेल्या वस्तूत पाणी शिरले, तर तो उत्पादनातला दोषच नाही का?

सोल्डरवाला: तुमचा प्रश्न निम्मा बरोबर आहे. तो दर्जा ठरवताना चाचणी नव्या यंत्रावर, गोड्या आणि स्थिर पाण्यात, कंपनीने सांगितलेल्या खोलीवर ठरावीक वेळ घेतात. समुद्राचे किंवा साबणाचे पाणी त्यात येत नाही, आणि फोन आपटला किंवा वर्षे लोटली की कडेचे सील ढिले पडते. मात्र फोनची चौकट वाकलेली नसेल, काचेला तडा नसेल आणि तरीही पाणी शिरले असेल, तर सीलची तपासणी करून तिचा लेखी निष्कर्ष मागणे योग्यच आहे.

हिशेबनीस: माझा दावा मुदत संपून चार दिवस झाल्यामुळे नाकारला होता. त्यावर काय करावे?

काउंटरपलीकडून: आपला प्रश्न मुदतीचा आहे, गैरवापराचा नाही, त्यासाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

कोरडा कप: मी ग्राहकाच्या बाजूने लिहितो. मला आधी फोटोंसह नकाराचे पत्र मिळाले आणि अंदाजपत्रक दुसऱ्या दिवशी आले, त्यामुळे विचार करायला उसंत मिळाली. अंदाजपत्रकात बोर्डची सफाई, बदलायचे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिली होती. गंज इतर ठिकाणीही पसरलेला असू शकतो, म्हणून फक्त बदललेल्या भागांची हमी मिळेल आणि कामाआधी डेटाची प्रत घेऊन ठेवावी, हेही स्पष्ट होते. मी दुरुस्ती नाकारली आणि यंत्र तसेच परत नेले, पण फसवले गेल्याची भावना राहिली नाही.

जुना तंत्रज्ञ: एक दिवस थांबणे पत्रासाठी ठीक आहे, सफाईसाठी नाही. द्रव गेलेला बोर्ड जितका पडून राहील तितका गंज आत सरकतो. शिवाय बॅटरी जोडलेली राहिली तर ओल असलेल्या जागी विजेमुळे गंज आणखी वेगाने चढतो. आम्ही बॅटरी लगेच सोडवतो, ग्राहकाची लेखी परवानगी घेऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसतो आणि त्यानंतरच निर्णयाला वेळ देतो. अर्थात फोटो त्याआधीच काढलेले हवेत, नाहीतर पुरावाच पुसला जाईल.

काउंटरपलीकडून: हे पटले. अडते ते तपासणी शुल्कापाशी. दावा नाकारला गेला आणि दुरुस्तीही नको असेल, तर उघडून पाहण्याचे शुल्क घ्यावे का?

सोल्डरवाला: यंत्र जमा करून घेताना पावतीवर लिहून सही घेतली असेल, तरच घ्यावे.

कोरडा कप: मला ते पटत नाही. आत काय दिसले हे सांगण्याचे पैसे नकाराबरोबर मागितले, तर तोच जुना संशय पुन्हा येतो.