मदत हवी आहे: सिलिकॉनचं Nc जुळतंय, पण τ गॅलियम आर्सेनाइडच्या दुपटीहून जास्त येतोय

मृगधारा

नमस्कार. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प आहे आणि दोन आठवडे एकाच ठिकाणी अडकले आहे.

सिलिकॉन आणि गॅलियम आर्सेनाइड या दोघांचे बँड DFT ने काढले. सिलिकॉनच्या कंडक्शन बँडचा तळ Γ–X रेषेवर, Γ पासून सुमारे ८५ टक्के अंतरावर मिळाला. तिथे E = Ak² असा परवलय बसवला (k तळापासून मोजलेला). A आला ३.८९ eV·Å². मग m*/m0 = 3.81/A, म्हणजे ०.९८.

हेच वस्तुमान घेऊन ३०० केल्विनला Nc काढलं, ते 2.4×10¹⁹ cm⁻³ आलं. पुस्तकात 2.8×10¹⁹ आहे. DFT मध्ये एवढा फरक पडत असेल, असं समजून पुढे गेले. मोबिलिटी १४०० cm²/V·s धरून μ = eτ/m* मधून τ काढला, तर ०.७८ पिकोसेकंद. गॅलियम आर्सेनाइडसाठी हीच कृती केली (वस्तुमान ०.०६७, मोबिलिटी ८५००), तर τ ०.३२ पिकोसेकंद.

म्हणजे सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन दोन टक्करींमध्ये दुपटीहून जास्त वेळ मोकळा राहतो? सर म्हणतात, उलट असायला हवं, सिलिकॉनमध्ये तर व्हॅलीतून व्हॅलीत उड्या मारणारं स्कॅटरिंगही असतं. चूक नेमकी कुठे आहे?

रानवाट

तुम्ही एकाच दिशेची वक्रता घेतलीत. सिलिकॉनची व्हॅली गोल नसते, लांबट असते. लांबीच्या दिशेला ०.९८ आणि आडव्या दोन्ही दिशांना ०.१९. तिघांची सरासरी घ्या, ०.४५ येईल. ते दोन्ही सूत्रांत घाला, प्रश्न सुटेल.

मृगधारा

धन्यवाद. घालून पाहिलं. τ ०.३६ वर आला, पण Nc 7.6×10¹⁸ पर्यंत घसरलं. जे जुळत होतं तेही गेलं.

जुनी_प्रयोगशाळा

रानवाट यांचं निदान बरोबर आहे, औषध चुकलं. मृगधारा, तुमचं Nc आधी जुळत होतं तो निव्वळ योगायोग होता, आणि त्यानेच तुम्हाला दोन आठवडे फसवलं.

Nc साठी आपण जागा मोजतो. ठरावीक ऊर्जेच्या आत k च्या अवकाशात किती अवस्था मावतात, हा प्रश्न. त्या लंबगोलाचं आकारमान तिन्ही अक्षांच्या गुणाकाराने ठरतं, म्हणून वस्तुमानांचाही गुणाकार करून घनमूळ घ्यायचं. ते येतं ०.३३. पण असे लंबगोल सहा आहेत. सहापट अवस्था एकाच वस्तुमानात बसवायच्या तर ०.३३ ला 6^(2/3) ने, म्हणजे ३.३ ने गुणावं लागतं. उत्तर १.०८. तुमचं ०.९८ त्याच्या शेजारी पडलं, पण त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मोबिलिटीत प्रश्न वेगळा आहे: ढकललं तर किती वेग येतो? वेग 1/m प्रमाणे येतो, म्हणून सरासरी वस्तुमानांची नाही, 1/m ची घ्यायची. क्षेत्र x दिशेला लावलं तर सहापैकी दोन व्हॅलींतले इलेक्ट्रॉन ०.९८ चे जड वाटतात आणि चार व्हॅलींतले ०.१९ चे हलके. बहुतेक प्रवाह ते चौघेच वाहतात, म्हणून उत्तर हलक्याकडे झुकतं.

```python
ml, mt, g = 0.98, 0.19, 6
md = g**(2/3) * (ml*mt*mt)**(1/3)   # 1.08
mc = 3 / (1/ml + 2/mt)              # 0.26
```

०.२६ घातलंत की τ ०.२१ पिकोसेकंद येईल, गॅलियम आर्सेनाइडपेक्षा कमी. तुमचे सर बरोबर होते. गॅलियम आर्सेनाइडची व्हॅली एकच, Γ वर आणि जवळजवळ गोल. तिथे सगळी वस्तुमानं एकच, म्हणून तुमची कृती तिथे पकडली गेली नाही.

शेवाळ

मी परदेशात चिपच्या कारखान्यात प्रोसेसवर काम करतो. मोबिलिटी वाढवायची असेल तर सिलिकॉनला ताण द्या, आम्ही तेच करतो. २००३ मध्ये इंटेलने ९० नॅनोमीटरच्या चिपमध्ये हे आणलं. ताणाने वस्तुमान कमी होतं आणि इलेक्ट्रॉन पळतात.

जुनी_प्रयोगशाळा

शेवाळभाऊ, त्यांना मोबिलिटी वाढवायची नाही, मोजायची आहे. पण उदाहरण इथे अगदी चपखल आहे, म्हणून थोडं थांबतो. थर दोन्ही आडव्या दिशांनी ताणला की सहापैकी दोन व्हॅली ऊर्जेत खाली येतात आणि चार वर जातात. एका व्हॅलीची वक्रता जवळपास तीच राहते, इलेक्ट्रॉन मात्र खालच्या दोघींत जमा होतात. थराच्या प्रतलात या दोघींचं वस्तुमान ०.१९ आहे, म्हणून सरासरी हलकी होते. शिवाय व्हॅली बदलायला जागा उरत नाही, त्यामुळे τ सुद्धा वाढतो. ताण पुरेसा असेल तर Nc सुमारे एक तृतीयांशावर येतं, कारण सहाच्या जागी दोनच व्हॅली उरल्या.

पोकळ्यांची गोष्ट निराळी. तिथे ताणाने बँडचा आकारच बदलतो, त्यामुळे "वस्तुमान कमी होतं" हे तुमचं वाक्य PMOS ला जास्त लागू पडतं.

मृगधारा

खूप खूप धन्यवाद! आता आडवी वक्रता काढायला बसले. बँडच्या आलेखात X–W हा तुकडा Γ–X ला लंब आहे, म्हणून तिथे परवलय बसवला. पण ०.१९ च्या आसपासही येत नाही. k चे बिंदू कमी पडतात का?

जुनी_प्रयोगशाळा

बिंदू वाढवून हे सुटणार नाही. X–W दिशा लंब आहे, पण ती X मधून सुरू होते, आणि तुमचा तळ X वर नाही. शिवाय सिलिकॉनच्या रचनेत X वर दोन बँड एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे तिथल्या वक्रतेचा तळाच्या वक्रतेशी मेळ बसत नाही. तयार आलेख सोडा. (0.85, 0, 0) पासून (0.85, δ, 0) अशी स्वतःची छोटी रेषा घ्या. 2π/a म्हणजे १.१५७ Å⁻¹, त्याने गुणायला विसरू नका. आणि परवलय तळापासून ५० meV च्या आतच बसवा. ३०० केल्विनला kT २६ meV आहे, इलेक्ट्रॉन तिथेच आसपास राहतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ०.३ eV पर्यंत गेलात तर बँड परवलय राहत नाही आणि वस्तुमान फुगलेलं दिसेल.

पडताळा हवा असेल तर सायक्लोट्रॉन रेझोनन्स पाहा. ड्रेसेलहाउस, किप आणि किटेल यांनी १९५५ मध्ये सिलिकॉनवर असेच प्रयोग प्रसिद्ध केले. चुंबकीय क्षेत्र [100] दिशेला असेल तर दोन रेषा दिसतात, ०.१९ आणि ०.४३. दुसरी म्हणजे √(0.98×0.19). क्षेत्र [111] कडे वळवलं की सहाही व्हॅली सारख्या होतात आणि एकच रेषा उरते.

रानवाट

माझी सरासरी चुकली, मान्य. पण मग हलकं वस्तुमान म्हणजे जास्त मोबिलिटी, एवढं तरी धरून चालू ना?

जुनी_प्रयोगशाळा

अर्धंच. ०.२६ आणि ०.०६७ यांचं गुणोत्तर ३.९ आहे, मोबिलिटीचं मात्र सहा. उरलेला फरक τ चा. वस्तुमान τ मध्येही शिरतं: टक्कर झाल्यावर जायला जितक्या जास्त अवस्था, तितक्या टक्करी जास्त. पण गॅलियम आर्सेनाइडमध्ये खोलीच्या तापमानाला ध्रुवीय ऑप्टिकल फोनॉन वरचढ असतात, त्यामुळे एकाच सूत्रात दोघांना कोंबता येत नाही.

मृगधारा

नवीन रेषेवर ०.१९ आलं! Nc 2.8×10¹⁹, τ ०.२१.

आता व्हॅलन्स बँड सुरू केला. तिथे Γ वरच दोन बँड भेटतात आणि [100] व [111] दिशांना जड पोकळीची वक्रता वेगळी येते. इथे तर लंबगोलही नाही, मग गुणाकार कशाचा करायचा?

शेवाळ

आमच्याकडे सिम्युलेशनवाले यासाठी सहा बँडचं k·p वापरतात. तपशील मला ठाऊक नाही, उद्या विचारून लिहितो.