फोन हळू झाला म्हणून तुम्ही काय काय उडवलंत? रीसेटच्या आधीचे अनुभव सांगा

शेवंती

काल ऑफिसात शेजारची मुलगी वैतागून म्हणाली, "आता रीसेटच मारते या फोनला." मला एकदम दोन वर्षांपूर्वीचे गणपती आठवले. चिपळूणला सगळे जमलेले, आई हौसेने आरतीचा व्हिडिओ घेत होती. दुसऱ्या आरतीला फोनने जागा संपल्याचं सांगितलं आणि रेकॉर्डिंग बंद. तशीही आईची तक्रार होतीच. अक्षर दाबलं की दोन सेकंदांनी उमटायचं, फोन आला तर हिरवं बटण सरकेपर्यंत समोरचा ठेवून द्यायचा. भावाने फर्मान काढलं, "रीसेट कर."

मी म्हटलं, थांब, आधी बघू तरी. ३२ जीबीचा फोन, ३ जीबी रॅम. मोकळी जागा जेमतेम अर्धा जीबी. सिस्टीमने दहा खाल्लेले, ते आपल्या हातात नाहीत. पण एकट्या व्हॉट्सॲपचे नऊ! व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये `Manage storage` आहे, तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दिसतं. पहिला नंबर भजनी मंडळाचा, दुसरा सोसायटीचा. घरचा ग्रुप चौथा, म्हणजे आम्ही निदान गुन्हेगारांत नाही.

खरी गंमत `Sent` फोल्डरची. आई आलेला सुप्रभात पाच जणांना फॉरवर्ड करते ते वेगळं, पण गॅलरीतून फोटो-व्हिडिओ निवडून पाठवला की त्याची आणखी एक प्रत इथे पडते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Video/Sent
```

मूळ कॅमेऱ्यात आणि जुळं इथे. एवढ्यातच सव्वा जीबी निघाला. सगळं मिळून व्हॉट्सॲप नवावरून तिनावर आणलं. मग कॅमेऱ्यातले दोन जीबीचे व्हिडिओ आईला विचारून विचारून उडवले ("हा राहू दे, यात तुझी आत्या हसलीय"), तर मोकळी जागा इंचभर वाढेना! अर्ध्या तासाने उजेड पडला की ते सगळं फोटोच्या ॲपमधल्या बिनमध्ये बसलंय. बिन रिकामी केल्यावर मोकळी जागा साडेआठ जीबी झाली.

व्हिडिओ नीट निघायला लागले. पण टायपिंग? तसंच! ते कशाने सुटलं ते नंतर सांगते, कुकर लावायचाय. तोवर तुमचे अनुभव येऊ द्या.

टवाळ_कार्टा

आत्या हसलीय तो व्हिडिओ ठेवलात ना? दुर्मिळ घटना जपायला हव्यात

विनू_डोंबिवली

सोपा उपाय. व्हॉट्सॲपमध्ये `Media visibility` बंद करा. आमच्या घरी सगळ्यांचं केलंय, गॅलरी एकदम स्वच्छ. जागेचा प्रश्नच मिटला. शिवाय रोज रात्री सगळ्या ॲपची कॅशे साफ करतो आणि उघडी ॲप वर सरकवून टाकतो.

जुनाट_तंत्रज्ञ

विनूभाऊ, गॅलरी स्वच्छ दिसते, फोन नाही. त्या बटणाने फोटो गॅलरीत दिसायचे थांबतात, फाइल उतरते ती उतरतेच. पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलतो त्यातला प्रकार. उतरणंच थांबवायचं तर ऑटो डाउनलोड बंद करायला हवं, ते वेगळीकडे आहे, `Storage and data` मध्ये.

कॅशेचंही अर्धंच खरं. जागा अगदी संपलेली असेल तर एकदा साफ करून हातपाय हलवायला जागा मिळते. पण ॲप ती परत भरतंच, आणि रोज साफ केली तर रोज सगळं नव्याने उतरवायला लागतं. वर सरकवून बंद केलेलं ॲप पुन्हा उघडताना शून्यापासून उठतं, त्यामुळे उलट उशीर लागतो. आणि कृपा करून कॅशे साफ करताना शेजारचं "क्लिअर स्टोरेज" दाबू नका. त्याने ॲपची पाटी कोरी होते, लॉगिनसकट.

शेवंतीताई, जागा संपली की फोन का अडखळतो ते सांगतो. आतल्या चिपवर लिहिताना जुन्यावर थेट लिहिता येत नाही. आधी एक अख्खा कप्पा पुसावा लागतो, आणि त्यात अजून कामाचं काही असेल तर ते उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. चाळीतल्या एका खोलीत पलंग सरकवायचा तर आधी टेबल गॅलरीत न्यावं लागतं, तसं. मोकळी जागा असली की हे काम फोन रात्री चार्जिंगला असताना निवांत उरकतो. नसली की तुमच्या बोटाखालीच करतो. म्हणून ३२ जीबीच्या फोनवर निदान चार जीबी मोकळे ठेवा असं मी सांगतो. हा माझा अंदाज, नियम नव्हे.

टायपिंगचं मात्र मला वेगळं वाटतंय. ॲक्सेसिबिलिटीत काही चालू होतं का?

विनू_डोंबिवली

बरं. पण वर सरकवल्यावर बरं वाटतं हो.

माई_मोडक

मी पण दिला होता रीसेट पासवर्ड पण ओटीपी येतच नाही. वीजबिल भरायचं राहिलंय. कोणी सांगेल का

टवाळ_कार्टा

माई, धागा चुकला. इथे फोन हळू आहे, तुमचा ओटीपी हळू आहे.

माई_मोडक

अगो बाई. असू दे, माझा फोन पण हळूच आहे

पाटलाचा_नातू

परवानग्यांचा किस्सा माझ्याकडे आहे. एका रविवारी पर्मिशन मॅनेजर उघडून बसलो. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला? कॅलेंडरला माइक कशाला? काढ, काढ, काढ. चाळीसेक ॲप झाली. त्याच झपाट्यात बँकेच्या यूपीआय ॲपची एसएमएसची परवानगी पण काढली. संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेतली, ॲप उघडलं तर म्हणे परवानगी द्या, नाहीतर पुढे जाता येणार नाही. कुठे द्यायची ते तिथे उभ्या उभ्या सापडेना. मागे रांग. भाजीवाली म्हणाली, "दादा, राहू दे, उद्या दे." दहा रुपयांसाठी इज्जत गेली.

आणि एवढं करून फोन रतिभर जलद झाला नाही.

जुनाट_तंत्रज्ञ

होणारच नव्हता. कॉन्टॅक्ट, माइक, कॅमेरा या परवानग्या खासगीपणासाठी काढायच्या, त्या काढल्याने वेग वाढत नाही. वेगाशी संबंध असणाऱ्या थोड्याच: सतत चालणारं लोकेशन, इतर ॲपच्या वर दिसायची मुभा, आणि सगळ्यात वरचढ ॲक्सेसिबिलिटी. ही शेवटची ज्याच्याकडे असते त्याला पडद्यावर काय काय बदललं त्याची खबर जाते, तुम्ही काय टाइप केलं तेही. ते ॲप गचाळ असेल तर प्रत्येक अक्षरामागे हे लचांड. आणि चोर असेल तर वेग हा तुमचा सगळ्यात छोटा प्रश्न आहे.

शेवंती

आले. कुकर झाला. तंत्रज्ञ, तुम्ही शेवटच सांगून टाकलात!

झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या मुलाने आईला फोन "फास्ट" करणारं एक ॲप टाकून दिलं होतं. क्लीनर. ते दर तासाला "तुमचा फोन ७८% घाण आहे" असं सांगायचं आणि आई घाबरून बटण दाबायची. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात डाउनलोड केलेली ॲप, तिथे हे महाशय चालू. काढायला गेले तर अनइन्स्टॉलचं बटणच फिकट. दाबलं जाईना.

तेव्हा भावाचा एक मित्र म्हणाला की आधी `Safe mode` मध्ये बघ. पॉवरचं बटण दाबून धरायचं, पडद्यावर बंद करायचं चिन्ह आलं की त्यावरच बोट दाबून ठेवायचं. फोन परत सुरू होतो तेव्हा खाली कोपऱ्यात `Safe mode` लिहिलेलं, आणि आपण टाकलेली सगळी ॲप झोपलेली. आईने मेसेजमध्ये "गणपती बाप्पा मोरया" टाइप केलं. बोटाबरोबर अक्षरं! तिथेच ठरलं की रीसेट नको, दोषी बाहेरून आलेलाच कोणीतरी आहे.

ते फिकट बटण डिव्हाइस ॲडमिनमुळे होतं. त्या यादीतून क्लीनरची खूण काढली, ॲक्सेसिबिलिटी बंद केली, मग निमूट गेलं. कॅमेरा अजूनही उघडायला वेळ घेतो, त्याचं कारण सापडलेलं नाही.

टवाळ_कार्टा

७८% घाण. आमच्या हॉस्टेलच्या खोलीला लावून बघायला हवं

जुनाट_तंत्रज्ञ

कॅमेऱ्याचं फोनचं वय असेल. `Safe mode` मध्येसुद्धा रडत असेल, आणि जागा मोकळी असूनही, तरच मी रीसेटचा विचार करतो. त्यानेही फरक पडेलच असं नाही. तीच ॲप परत टाकलीत तर महिन्याभरात पुन्हा तेच.

सह्याद्री_भटक्या

रीसेट करणाऱ्यांनो, गूगलचं खातं आठवतंय ना बघा आधी. बाबा पॅटर्न विसरले, मी पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून तिकडून रीसेट मारला. सुरू झाल्यावर फोन विचारतो, आधीचं खातं टाका. कुठलं खातं? चार वर्षांपूर्वी दुकानात भाच्याने काढून दिलेलं, पासवर्ड भाच्यालाही आठवेना. खात्याला जोडलेला नंबर सुदैवाने बाबांचाच होता म्हणून सुटलो. सेटिंग्जमधून शहाण्यासारखा केला असता तर हे झालं नसतं, पण पॅटर्नच नाही तर सेटिंग्जमध्ये शिरणार कसं

निशिगंधा_क

मी आजवर कुठे लिहिलं नाही हे. गेल्या वर्षी फोन रीसेट केला. व्हॉट्सॲपचा बॅकअप होता, तारीखही आदल्या रात्रीची, म्हणून निर्धास्त होते. परत घेतल्यावर मेसेज सगळे आले, फोटो आले, व्हिडिओ एकही नाही. बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायचे की नाही याचं वेगळं बटण असतं आणि ते बंदच होतं. मला माहीतच नव्हतं. आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय असा चार मिनिटांचा एक होता. ती आता नाही.

शेवंती

अगं... काय बोलू. 🙏

पाटलाचा_नातू

ताई वाईट वाटलं वाचून. आमच्या आजीचा आवाजच नाही कुठे.

जुनाट_तंत्रज्ञ

निशिगंधाताई, तो व्हिडिओ तुम्ही कोणाला पाठवला होता का? पाठवला असेल आणि समोरच्याने उतरवून घेतला असेल, तर त्यांच्या फोनमध्ये त्यांची प्रत असते. तुमच्या रीसेटशी तिचा संबंध नाही. घरच्या सगळ्यांना विचारा, विशेषतः जे काहीच डिलीट करत नाहीत त्यांना.

टवाळ_कार्टा

म्हणजे प्रत्येक घरातली एक मावशी

विनू_डोंबिवली

माझं ऑटो डाउनलोड बंद केलं आत्ता. `Manage storage` मध्ये बायकोचा नंबर पहिला निघाला. यावर काही भाष्य करणार नाही.

माई_मोडक

ओटीपी आला 😊

निशिगंधा_क

घरच्या ग्रुपवर विचारलं. मामी म्हणते माझ्याकडे आहे वाटतं, जात्याचाच ना. पण तिचा फोन फार हळू चालतो म्हणून मामेभाऊ आज सकाळी दुकानात रीसेट करायला घेऊन गेलाय. त्याला फोन लावतेय, उचलत नाहीये.